शिवणीतली माया

बाई समोर उभी असली की माझं निम्मं काम टेप हातात घ्यायच्या आधीच झालेलं असतं. ती उंबऱ्यातून आत येते, पिशवी या हातातून त्या हातात घेते, पदर सावरते, तेवढ्यात तिचे खांदे उतरते आहेत की ताठ, पाठ रुंद आहे का, दंड भरलेले आहेत का, हे नजरेनं टिपलेलं असतं. टेप लावायचा तो खात्रीसाठी आणि वहीत आकडा लिहायचा म्हणून. सांगलीत खणभागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी 26 वर्षं ब्लाउज शिवते आहे. या सगळ्या वर्षांत मी एकाही बाईला "तुमचा साइज काय?" असं विचारलेलं नाही. विचारायची गरजच पडली नाही, कारण बाई समोर होती.

माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, ज्या बायकांना ब्लाउज विकायला निघाली त्या तिच्या समोर नव्हत्या. त्या नगरला होत्या, नागपूरला होत्या, पनवेलला होत्या. मोबाइलवर फोटो बघून पैसे भरणाऱ्या. बी.कॉम. झाल्यावर वर्षभर ती एका दुकानात हिशेब लिहायला जायची, संध्याकाळी माझ्याकडे मशीनवर बसायची. हात चांगला. टीप सरळ, काज बारीक. एक दिवस म्हणाली, "आत्ती, खणाचे ब्लाउज तयार करून ऑनलाइन टाकू या की. गिऱ्हाईक दारात यायची वाट कशाला बघायची?"

खण सुचणं साहजिक होतं. हे कापड आमच्या भागात गुळेदगुड्डहून येतं. ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि सांगलीच्या पेठेत त्याची ये-जा जुनी आहे. इरकल लुगड्यावर खणाची चोळी हा आमच्या आज्यांचा रोजचा पेहराव. आता शहरातल्या मुली साध्या सुती साडीवर खणाचा ब्लाउज घालतात, त्यामुळे मागणी आहे. कागदोपत्री अडचणही फारशी उरली नव्हती. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला जीएसटीची पूर्ण नोंदणी न करता, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरता माल ऑनलाइन विकता येतो. तिने तो क्रमांक घेतला, बँकेचं खातं जोडलं, आणि वांगी रंगाच्या खणाचे 12 ब्लाउज शिवले. 34, 36, 38 आणि 40, प्रत्येकी 3. बेतणं तिचं, शिवणं तिचं. मी फक्त काजाकडे बघत होते. तेवढ्यावर मी थांबले ही माझी चूक झाली, आणि ती मी इथे मान्य करते.

तिने टाकलेला पहिला मजकूर मला अजून पाठ आहे. "खण ब्लाउज, प्रिन्सेस कट, अस्तरासह. रंग वांगी. साइज 34, 36, 38, 40. उंची 14 इंच, बाही 9 इंच. उत्तम फिटिंग." सोबत गच्चीवर हँगरला अडकवून काढलेले चार फोटो. उन्हात खणाची बुट्टी झळकत होती.

महिन्यात 5 गेले आणि त्यातले 4 परत आले. परत पाठवण्याचं कारण ठरलेल्या यादीतून निवडायचं असतं, त्यामुळे चारही ठिकाणी एकच ओळ होती: साइज लहान. जायचं भाडं, यायचं भाडं, पाकीट, सगळं तिच्या अंगावर. पोरगी गप्प झाली. मग तिने जे केलं ते कुणीही केलं असतं. किंमत 649 वरून 549 केली. फोटो बदलले, पितळेच्या समईशेजारी ब्लाउज घडी करून ठेवला. "उत्तम फिटिंग" काढून "परफेक्ट फिटिंग" लिहिलं. शेवटी एक ओळ वाढवली: एक साइज मोठा मागवा. ही ओळ मला तेव्हाही खटकली होती. मोठा मागवायचा म्हणजे नक्की काय मोठं मिळणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

पहिली तीन पार्सलं तिने फोडून, ब्लाउज झटकून, इस्त्री करून पुन्हा पिशवीत घातले होते. चौथं तिने माझ्यासमोर फोडलं. 38 चा ब्लाउज. बाहेर काढल्याबरोबर तिचा चेहरा लाल झाला. "आत्ती, हिनं उसवलाय! वापरून, उसवून परत पाठवलाय. मी तक्रार टाकते." डाव्या काखेत, जिथे बाहीची शिवण आणि बाजूची शिवण एकमेकींना भेटतात, तिथे आमचा दोरा नव्हता. आमचा दोरा जांभळा होता, तो काळा होता आणि हातानं घातलेला होता. बारीक धावदोरा, टाका टाक्याला लागून.

मी म्हटलं, "तक्रार उद्या टाक. आधी ब्लाउज उलटा कर."

दिव्याखाली उलटा करून कापड बेतायच्या पाट्यावर पसरला. खण घट्ट विणीचा असतो. त्यात सुई एकदा गेली की भोक लवकर बुजत नाही, आणि तेच आमच्या उपयोगी पडलं. जुन्या टिपेच्या भोकांची ओळ दिसत होती. तिच्या बाहेरच्या अंगाला, जेमतेम एक सूत अंतरावर, दुसरी ओळ होती. तीही रिकामी. म्हणजे त्या बाईनं आमची टीप उसवली, कापडाच्या काठाकडे एक सूत सरकून नवी टीप घालून बघितली, अंगात घातला, जमलं नाही, मग तीही उसवली, आणि परत पाठवायचा म्हणून मूळ जागेवर हातानं नीट शिवून दिला. तिला ब्लाउज ठेवायचा होता. परत पाठवायच्या आधी तो अंगात बसवायचा तिने दोनदा प्रयत्न केला होता.

आता सूत म्हणजे किती, ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. इंचाची 8 सुतं. बाहीला शिवण एकच असते, पण त्या शिवणीत कापडाचे दोन पदर असतात. टीप एक सूत बाहेर सरकवली तर दोन्ही पदर एकेक सूत मोकळे होतात आणि बाहीचा घेर 2 सुतांनी, म्हणजे पाव इंचानं वाढतो. त्या बाईला पाव इंच पुरला नाही, आणि पुढे सरकायला तिच्याकडे कापडच नव्हतं. शिवणीच्या आत काठापर्यंत एकूण 2 सुतं होती, तीही काठाचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या ओव्हरलॉकच्या दोऱ्यात गुरफटलेली.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. माझ्या सासूबाई जुन्या चोळ्या दाखवायच्या, त्यात बोट-बोट माया असायची. लग्नात शिवलेली चोळी दोन बाळंतपणांनंतरही उसवून अंगात यायची ती त्या मायेवर. माझ्याकडे शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजात एक इंच माया असते, हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की मी भाचीला ते कधी तोंडानं सांगितलंच नाही. तिने आतली बाजू फोटोत स्वच्छ दिसावी म्हणून सगळे ब्लाउज बाहेर ओव्हरलॉक करून आणले होते. ओव्हरलॉकच्या मशीनला पातं असतं. दोरा गुंफता गुंफता ते बाहेरचं कापड छाटत जातं. तिची माया त्या पात्याखाली गेली होती, बाराच्या बारा ब्लाउजांची.

पण नुसती माया नव्हती म्हणून ब्लाउज परत आला, असं म्हणून मला थांबता येईना. माया ही नंतरची गोष्ट. आधी तो लहान कुठे पडला? मजकुरात 38 लिहिलं होतं, आणि बाई 38 ची असणार म्हणूनच तिने तो मागवला असणार. ब्लाउज छातीत आवळला की त्याच्या खुणा राहतात. हुकांच्या रेषेत फटी पडतात, हूक अडकवायच्या दोऱ्याच्या आया ताणून लांबट होतात, दोन हुकांच्या मधे आडव्या घड्या बसतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. हूकपट्टी सरळ होती, आया गोल होत्या. काखेत मात्र, मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाच्या, शिवणीपासून बाहीवर उतरणाऱ्या चार-पाच तिरक्या घड्या होत्या, कोंबडीच्या पंजासारख्या. एकदोनदाच घातलेल्या कापडावर इतक्या ठसठशीत घड्या पडतात त्या दंड जबरदस्तीनं आत गेल्यावरच.

मी तिला बाही मोजायला सांगितली. मुंढ्याच्या शिवणीखाली एक इंचावर, बाहीच्या घडीला काटकोनात टेप धरायचा, ताणायचा नाही, जो आकडा येईल तो दुप्पट. 6 आले. म्हणजे दंडघेर 12.

"आता 34 ची मोज."

12.

"36 ची?"

12. आणि 40 चीही 12.

ती स्वतःच उठली आणि पुठ्ठ्याचे साचे घेऊन आली. बाहीचा साचा एकच होता. पहिला नमुना तिने 34 चा काढला होता, तो नीट बसला होता, आणि पुढचे साइज करताना जी वाढ हवी ती तिने प्रिन्सेस कटच्या दोन शिवणींत आणि पाठीत घातली होती. मुंढ्याला हात लावला नव्हता, कारण मुंढा वाढवला तर बाहीचा माथा बदलावा लागतो, आणि बाहीचा माथा बसवणं हे ब्लाउजातलं सगळ्यात नाजूक काम आहे. शिकाऊ हात ते टाळतो. परिणामी 40 छातीच्या बाईला 34 चा मुंढा आणि 34 ची बाही. "एक साइज मोठा मागवा" हे वाचून कुणी मोठा मागवला असता तरी तिला छातीत ढगळ आणि दंडात तेवढाच घट्ट ब्लाउज मिळाला असता.

मग मी माझी मापांची वही काढली. त्यात मी अंगाचं माप लिहीत नाही, तयार ब्लाउजाचं लिहिते. तीन वर्षांच्या पानांतून छाती 38 असलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांची पानं शोधली आणि नुसते दंड वाचून दाखवले. साडेबारा. चौदा. तेरा. पंधरा. साडेतेरा. परत चौदा. पंधरा दंड असलेली बाई मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांशेजारी आयुष्य काढलेली. साडेबारावाली कॉलेजात शिकवते, उंच आणि काटक. छाती दोघींची 38. भाची बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग 38 म्हणजे काय, आत्ती?"

38 म्हणजे एक नाव. माप म्हणून ते फार थोडं सांगतं. अंगांच्या मापांचा आपल्या देशापुरता ठरलेला तक्ताच नव्हता, म्हणून तर फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेनं इंडियासाइज नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि 6 शहरांत 25,000 हून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायचं ठरवलं. पण तक्ता झाला तरी तो एका छातीमागे एकच दंड देईल, तो सरासरीचा. सरासरीचा दंड असलेली बाई किती वेळा माझ्या खोलीत आली असेल, ते माझी वही सांगते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी पाट्यावर बसून एकच प्रश्न सोडवत होतो: ब्लाउजाची मापं नऊ-दहा असतात, सगळी लिहिली तर कोण वाचणार, मग लिहायची कोणती? मी तिला माझ्या कामाचा हिशेब सांगितला. जे मोठं असलं तर बाई घरी टीप मारून लहान करू शकते, त्याची चिंता कमी. जे लहान पडलं तर कुणालाच काही करता येत नाही, ते आधी. दंड आणि मुंढा लहान पडला की ब्लाउज अंगात जातच नाही, मग बाकीचं माप किती सुंदर आहे त्याला अर्थ नाही. उंची कमी पडली तर खाली सोडायला पट्टीत फार तर पाऊण-एक इंच असतो. मागचा गळा खोल कापला की कापला, तो वर येत नाही. आणि छाती ही खरं तर मायेवर अवलंबून असते, म्हणून छातीचा आकडा एकटा लिहायचा नाही, त्याच्याशेजारी माया लिहायची.

मायेचा हिशेब तिने स्वतः मांडला, आणि तो मांडताना तिचा आवाज परत आला. शिवणीत एक इंच माया. त्यातला पाव इंच काठाला ठेवायलाच हवा, नाही तर खणाचे धागे सुटतात आणि टीप तुटते. उरला पाऊण इंच. बाहीच्या एका शिवणीत दोन पदर, म्हणजे दंड दीड इंच वाढू शकतो. अंगाच्या दोन बाजूंना दोन शिवणी, चार पदर, म्हणजे छाती तीन इंच वाढू शकते. आपल्याकडे बाही आधी मुंढ्याला जोडतात आणि मग बाहीच्या टोकापासून काखेतून कमरेपर्यंत एकच सलग टीप मारतात, म्हणून उसवणंही सोपं, गल्लीतली कोणतीही शिवणारी दहा मिनिटांत करून देते. मुंढाही त्या बरोबर थोडा सुटतो, पण फक्त काखेच्या बाजूनं. वरचा, खांद्याकडचा गोल कधीच वाढत नाही. ज्या बाईचा खांदा रुंद आहे तिला मायेनं काही फायदा नाही, हेही लिहायला हवं असं ती म्हणाली. मला ते आवडलं.

मोजायच्या पद्धतीत आणखी एक खोच निघाली. तिने ब्लाउज हूक लावून सपाट ठेवला आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजला. साडेअठरा. दुप्पट 37. ती घाबरली, कारण तिने 38 बेतला होता. चूक बेतण्यात नव्हती. प्रिन्सेस कटला पुढे उभार असतो. सपाट ठेवला की तो उभार दुमडून बसतो आणि कापड लपतं. मी हूक काढायला लावले. पाठ वेगळी मोजली, शिवणीपासून शिवणीपर्यंत, साडेअठरा. मग पुढचा एक भाग हातानं निवळत, उभारावरून टेप नेत, शिवणीपासून हुकाच्या रेषेपर्यंत पावणेदहा. दुसराही पावणेदहा. बेरीज 38. तयार ब्लाउज मोजायचा तो असा तीन तुकड्यांत. मुंढाही आडव्या टेपनं मोजता येत नाही, टेप वाकत नाही. तो कडेवर उभा धरून शिवणीच्या गोलावरून चालवावा लागतो, मुंगीसारखा.

आणि टेप. तिचा टेप माझाच जुना होता, टोकाची पत्र्याची पट्टी पडलेली. मी लोखंडी पट्टीशेजारी तो धरून बघितला तर 12 इंचांत एका सुताचा फरक निघाला, सुरुवातच झिजलेली. मला तो फरक सवयीनं माहीत होता, मी पहिला इंच सोडून मोजायचे. तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तिने नवा आणला.

अस्तराचं मात्र आम्ही पार्सलवरून शिकलो नाही, तो माझा आग्रह होता. आत सुती अस्तर असतं आणि ते पहिल्या पाण्यात आटतं. हल्ली मिळणारा खण मात्र बहुतेक मिश्र धाग्याचा, तो फारसा आटत नाही. मग अस्तर आतून ओढतं, शिवणी चुण्या पडतात, आणि मोजून पाठवलेला 38 एका धुण्यात आवळतो. तिला पटेना, म्हणून अस्तराच्या तुकड्यावर पेननं 15 इंचांचा चौकोन आखला, रात्रभर बादलीत भिजवला, सकाळी दोरीवर वाळवून इस्त्री केली. साडेचौदा. 15 ला अर्धा, म्हणजे 38 ला सव्वा इंच. तेव्हापासून अस्तर भिजवल्याशिवाय कात्रीखाली जात नाही. आठवड्याला एकदा आमच्या दोरीवर पांढऱ्या कापडाचे लांबच लांब पट्टे वाळत असतात, शेजारच्या वहिनी विचारतात, कुणाचं लग्न काढलंय का.

नवे साचे करायला तिला पंधरा दिवस लागले. चार साइजचे चार मुंढे, चार बाह्या. बाहीचा माथा बसवताना दोन वेळा रडली. दंड आता 34 ला साडेबारा, मग प्रत्येक साइजला पाऊण इंच चढत 40 ला पावणेपंधरा. ओव्हरलॉक बंद. काठ आता ती झिगझॅग करते, त्यात कापड छाटलं जात नाही. कापड प्रत्येक ब्लाउजमागे जास्त लागतं आणि खणाचा पन्हा मुळात लहान, त्यामुळे 40 च्या बाहीला कधी कधी आतल्या बाजूला जोड येतो. जोड आहे, हे ती लिहिते.

नवा मजकूर मोठा झाला, पण वाचायला सोपा आहे. "ही मापं तयार ब्लाउजाची आहेत, अंगाची नाहीत. तुम्हाला नीट बसणारा तुमचा एखादा ब्लाउज घ्या, मुंढ्याच्या शिवणीखाली एक इंचावर बाही सपाट मोजा आणि दुप्पट करा. तो आकडा आमच्या दंडाच्या आकड्याशी जुळवा. छाती त्यानंतर बघा." खाली प्रत्येक साइजची छाती, दंड, मुंढा, उंची, मागचा गळा. शेवटी: "आत एक इंच माया आहे. दंड दीड इंच आणि छाती 3 इंचांपर्यंत वाढवता येईल. खांदा वाढणार नाही." साइट जो मापांचा तक्ता भरून घेते त्यात दंडाला रकानाच नव्हता. छाती, उंची, बाहीची लांबी एवढंच. म्हणून तिने फोटोतच माप दाखवलं. समई गेली. आता दुसऱ्या फोटोत बाही पाट्यावर आहे आणि तिच्यावर आडवा टेप, आकडा स्पष्ट वाचता येईल असा. तिसऱ्यात ब्लाउज उलटा आहे, शिवण उघडून माया दाखवलेली. फोटो दिसायला साधे आहेत. पण मी गिऱ्हाईक असते तर हेच दोन आधी मोठे करून बघितले असते.

परत येणं थांबलेलं नाही, ते थांबतही नसतं. एक रंगासाठी आला, मोबाइलवर वांगी दिसणारा रंग हातात जरा तांबूस वाटतो. एक मागच्या गळ्यासाठी आला. 9 इंच लिहिलेलं असूनही त्या बाईला तो खोल वाटला, आणि 9 इंच म्हणजे पाठीवर कुठपर्यंत हे आकड्यावरून कळत नाही, हे तिचंही बरोबरच होतं. आता भाची खांद्याच्या शिवणीपासून टेप सोडून पाठीचा फोटो काढायचं म्हणते आहे. दंडासाठी मात्र त्यानंतर एकही पार्सल उलटं आलेलं नाही.

पहिल्या बारातले उरलेले ब्लाउज आमच्या कपाटात होते. 36, 38, 40 चे, सगळ्यांचा दंड 12, माया नाही. मी म्हटलं, उसवून बाह्या बदलू. ती म्हणाली, नको, आहेत तसे लिहू या. वेगळ्या नोंदीखाली तिने ते टाकले: "छाती 38, दंड 12, मुंढा लहान. दंड बारीक असेल तरच घ्या. माया नाही, वाढवता येणार नाही." मला वाटलं होतं हे पडून राहणार. पण बारीक दंडाच्या बायका काय कमी आहेत? तयार ब्लाउजाच्या बाह्या त्यांच्या हातावर पिशवीसारख्या लोंबत असतात, त्यांच्यासाठी कुणी लिहीतच नाही. सावकाश गेले, पण गेले.

तो एक ब्लाउज मात्र तिने विकायला काढला नाही. साच्यांच्या खिळ्यावरच तो अडकवलेला असतो, उलटा, डावी काख पुढे. नवीन मुलगी शिकायला आली की भाची आधी तो पाट्यावर पसरते आणि विचारते, हा कुठे आवळत होता ते शोध. काळा धावदोरा अजून तसाच आहे. मी एकदा उसवायला गेले तर म्हणाली, "राहू दे आत्ती, त्यांनी घातलाय तो."